लाल साडी मोरपंखी होताना

साड्यांच्या कॅटलॉगमध्ये एकच मॉडेल, तीच उभी राहण्याची ढब, तोच पदर आणि साडी मात्र पाच रंगांत दिसते. त्यातल्या बहुतेक वेळा साडी एकाच रंगात नेसलेली असते. बाकीचे चार रंग फोटो काढून झाल्यावर संगणकावर चढवलेले असतात. विणलेली साडी त्या रंगात दुकानात खरोखर असेल आणि तिचा तुकडा समोर ठेवून रंग जुळवला असेल, तर या कामात गिऱ्हाइकाची फसवणूक नाही. रंग बदलणं हे त्यातलं सोपं काम आहे. खरा कस लागतो तो साडी जिथे संपते तिथे: दंडाशी, मोकळ्या केसांशी आणि मागच्या भिंतीशी.

एक फोटो समोर धरू. कुंकवासारख्या लाल रंगाची सिल्कची साडी नेसलेली एक तरुणी, कमरेपर्यंतचा उभा फोटो, उंची 6000 पिक्सेल, रुंदी 4000. केस मोकळे सोडलेले, उजव्या खांद्यावरून पुढे आलेले. मागे फिकट राखाडी भिंत. 85 मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ 4, फोकस डोळ्यांवर. ही साडी आपल्याला मोरपंखी करायची आहे. हा रंग मुद्दाम निवडला आहे, कारण कुंकवाचा लाल आणि गडद मोरपंखी यांचा उजेड जवळपास सारखा असतो. कृष्णधवल फोटोत दोन्ही साड्या एकाच करड्या छटेच्या दिसतील. त्यामुळे फक्त रंगाची जात बदलली की पुरतं.

फोटोशॉपमध्ये साडीवर मोरपंखी रंगाचा एक लेअर टाकायचा आणि त्याचा ब्लेंड मोड Hue ठेवायचा. हा मोड खालच्या फोटोतला उजेड आणि रंगाचा गडदपणा तसाच ठेवतो, फक्त लालऐवजी मोरपंखी आणतो. चुण्या, सावल्या, सिल्कची चमक जागेवर राहते. हा लेअर कुठे दिसावा आणि कुठे नाही हे मास्क ठरवतो. मास्कमध्ये पांढरं तिथे रंग पूर्ण लागतो, काळं तिथे अजिबात नाही आणि मधल्या करड्या छटांमध्ये तितक्या प्रमाणात. जरीचा काठ आणि बुट्ट्या मास्कमध्ये काळ्या कराव्या लागतात, नाहीतर सोनंही मोरपंखी होतं.

आता दंडाकडे पाहू. ब्लाउजची बाही जिथे संपते आणि कातडी सुरू होते ती कड डोळ्याला सुरीने कापल्यासारखी वाटते. फोटो चारशे टक्के मोठा केला की तिथे रेघ नसून दोन-तीन पिक्सेलांचा पट्टा दिसतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल थोडा कापडाचा, थोडा कातडीचा असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात. पुढे जेपीईजी करताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जपली जाते, पण रंगाची माहिती बहुधा शेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकली जाते. म्हणून लाल रंग कापडाच्या कडेबाहेर एक-दोन पिक्सेल कातडीत उतरलेला असतो, टीपकागदावर शाई फुटावी तसा. सिलेक्शनचं साधन मात्र बहुतेक वेळा उजेडाचा फरक पाहून कड धरतं. त्यामुळे मास्क अचूक बसला असं वाटतं आणि रंग बदलताच मोरपंखी बाहीभोवती बारीक लाल किनार उरते.

ही किनार दिसली की अनेक जण मास्क मऊ करतात, म्हणजे फेदर करतात. त्याने दुखणं वाढतं. फेदर कडेच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. बरोबर कडेवर मास्क अर्धा होतो आणि कापडाच्या आतले काही पिक्सेलही पूर्ण पांढरे राहत नाहीत. म्हणजे जिथे रंग शंभर टक्के बदलायला हवा तिथेच तो ऐंशी किंवा साठ टक्के बदलतो. अर्धा लाल आणि अर्धा मोरपंखी मिसळला की मळका, जांभळट तपकिरी रंग होतो. किनार जाण्याऐवजी रुंद आणि घाण होते.

म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी मास्क बाहेर वाढवायचा, मग मऊ करायचा. आधी वाढवल्यामुळे फेदरचा अर्धा उतार कापडाबाहेर जातो आणि आतलं कापड पूर्ण रंगतं. सिलेक्शन अजून चालू असेल तर Select > Modify > Expand वापरता येतं. मास्क तयार झाल्यावर त्याच्यावर Filter > Other > Maximum लावलं की पांढरा भाग हवा तितका बाहेर सरकतो. या फोटोत बाहीच्या कडेला दोन पिक्सेल वाढवून एक पिक्सेल फेदर पुरतो. हे आकडे 6000 पिक्सेलच्या फोटोचे आहेत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या 1200 पिक्सेलच्या फोटोत दोन पिक्सेल म्हणजे दंडावर मोरपंखी पट्टाच उमटेल.

कातडीशी कंजूषपणा करावा लागतो, कारण कातडीला स्वतःचा रंग आहे. Hue मोड जिथे रंग असेल तिथे तो बदलतो, आणि मास्क जास्त बाहेर गेला तर दंडाची कड मुका मार लागल्यासारखी निळसर दिसते. जिथे रंगच नाही, म्हणजे काळं, पांढरं, करडं आहे, तिथे बदलायला काही नसल्यामुळे हा मोड जवळजवळ काहीच करत नाही. केसांचा प्रश्न याच गोष्टीने सुटतो.

माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. आपल्या फोटोत 6000 पिक्सेलांत सुमारे 90 सेंटिमीटर उंची मावली आहे, म्हणजे एका मिलिमीटरला सहा-सात पिक्सेल. हिशेब केला तर एक केस जेमतेम अर्ध्या पिक्सेलचा भरतो. सुट्या केसाच्या वाट्याला त्याचा स्वतःचा असा एकही पिक्सेल येत नाही. साडीवरून उडणारा प्रत्येक केस फोटोत केस आणि लाल कापड यांच्या मिश्रणाच्या रूपातच आहे. तो मास्कमधून कापून काढायला गेलं तर त्याच्याबरोबर लाल कापडही मागे राहतं आणि मोरपंखी साडीवर लालसर केस दिसू लागतात. लाल साडीचा रंग बदललेल्या फोटोत मेंदी लावल्यासारखे केस दिसले, तर बहुधा कोणीतरी केस जपून वगळलेले असतात.

म्हणून साडीवरच्या केसांना वगळायचं नाही. मास्क त्यांच्यावरून बिनधास्त जाऊ द्यायचा. केसाचा काळा अंश Hue मोडला जुमानत नाही आणि मिश्रणातला लाल अंश मोरपंखी होतो. जाड बटेच्या कडेलाही मास्क पाच-सहा पिक्सेल बटेच्या आत ढकलावा, म्हणजे बटेतल्या फटींतून डोकावणारे साडीचे लाल त्रिकोणही रंगतात. गजऱ्याची पांढरी फुलंही याच कारणाने बिघडत नाहीत, हिरवे देठ मात्र हाताने वगळावे लागतात. मेंदी लावलेले किंवा उन्हात तांबूस चमकणारे केस असतील तर ही सवलत आखडते. मग केसांवर मास्क मऊ ब्रशने निम्मा करून थोडं लालसर राहू देणं बरं, कारण तांबूस केस डोळ्याला पटतात, निळे पटत नाहीत.

खांद्यापलीकडे भिंतीवर गेलेले केस वेगळे. तिथे केसात भिंत मिसळलेली आहे, लाल नाही. भिंत राखाडी असल्याने मास्क थोडा सांडला तरी कळत नाही. मागे झाडं असती तर पानांचा रंग बदलला असता आणि तिथे मास्क केसांच्या मुळाशीच थांबवावा लागला असता.

डाव्या, मागच्या खांद्याची कड आणखी निराळी वागते. तो खांदा फोकसच्या सुमारे वीस सेंटिमीटर मागे आहे. या लेन्सने आणि या छिद्राने तिथली कड बारा-पंधरा पिक्सेलांत विरघळते. बाहीला लावलेला दोन आणि एकचा हिशेब इथे लावला तर धूसर कापडाच्या मधोमध कडक रेघ पडते: आत मोरपंखी, बाहेर लालसर धुकं. फोटो लांबून पाहिला तरी खांदा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाटतो. इथे सहा पिक्सेल वाढवून चार पिक्सेल फेदर लागतो. फेदरचा पसारा सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून चार ऐकून कमी वाटलं तरी तो या धूसर पट्ट्याला पुरतो.

अडचण अशी की मास्कच्या Properties मधली Feather ची पट्टी सगळ्या मास्कला एकच आकडा लावते. पुष्कळ कामं इथेच फसतात. खांदा जुळवावा तर बाही विरघळते, बाही जुळवावी तर खांदा कापला जातो. उपाय वेळखाऊ पण सरळ आहे. मास्क निवडायचा, लॅसोने फक्त मागच्या खांद्याचा भाग घेरायचा, तेवढ्यापुरतं Maximum आणि मग Gaussian Blur लावायचं. लॅसोची स्वतःची कड मात्र साडीच्या आत किंवा भिंतीत मोकळ्या जागी ठेवायची, म्हणजे जोड दिसत नाही. माझ्या मते पूर्ण साडीला एकच फेदर लावणाऱ्याने ज्या फोटोत सगळं सारखं स्पष्ट आहे असेच फोटो घ्यावेत.

काम नीट झालं का, हे साध्या फोटोकडे पाहून पटकन कळत नाही, कारण डोळा चेहऱ्याकडे धावतो. Alt दाबून मास्कवर क्लिक केलं की फक्त काळा-पांढरा मास्क समोर येतो. त्यात बाहीची कड कडक, खांद्याची पसरट आणि केसांची बाजू आत घुसलेली दिसायला हवी. सगळीकडे सारखीच मऊ कड दिसली तर काम अपुरं आहे. मग लेअर क्षणभर बंद-चालू करून कडेवरून नजर फिरवायची. लाल किनार म्हणजे मास्क कमी पडला, कातडीवर निळसर रेघ म्हणजे जास्त झाला, तपकिरी पट्टा म्हणजे वाढवण्याआधीच मऊ केला.

कडा जुळल्यावरही फोटो खोटा वाटतो असं होतं, तेव्हा हनुवटीखाली पाहावं. लाल साडीवरून उसळलेला उजेड गळ्यावर आणि हनुवटीच्या खालच्या बाजूला लाली टाकतो. साडी मोरपंखी झाली तरी ती लाली राहते. कोणताही मास्क वाढवून ती जात नाही. वेगळा लेअर घ्यायचा, मोड Color, गालावरून कातडीचा रंग उचलायचा आणि मोठ्या मऊ ब्रशने, वीस-तीस टक्के जोराने गळ्यावर फिरवायचा. या ब्रशची कड पन्नास पिक्सेलपर्यंत पसरट चालते, कारण उसळलेल्या उजेडालाही कड नसते.

ही सगळी रीत दोन रंगांचा उजेड सारखा असण्यावर उभी आहे. हीच लाल साडी पांढरी किंवा मोतिया करायची असेल तर साडी उजळावी लागते, आणि मास्कमध्ये शिरलेले केसही तिच्याबरोबर उजळून राखाडी होतात. तेव्हा केसांच्या बाजूने मास्क मागे घ्यावा लागतो, मधल्या लालसर मिश्रणाचा रंग उडवावा लागतो आणि हरवलेले सुटे केस एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, मूळ बटेच्या वळणाने, पुन्हा रंगवावे लागतात. एका खांद्याच्या केसांना यात तासभर सहज जातो. कॅटलॉगमध्ये मोतिया साडी असेल तर ती मॉडेलला नेसवून तिचा वेगळा फोटो काढलेला स्वस्त पडतो.