तिरक्या समीकरणाचे सरळ अक्ष

५x² − ४xy + ८y² = ३६. हा कोणता वक्र आहे?

मधलं xy चं पद नसतं तर बारावीच्या विद्यार्थ्यानेही नुसतं पाहून सांगितलं असतं. दोन्ही वर्गांचे सहगुणक धन, म्हणजे लंबवर्तुळ. एक धन आणि एक ऋण, म्हणजे अपास्त. पण xy आला की नजर अडते. हे पद आलं म्हणून वक्र वेगळ्याच जातीचा होत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. वक्र आपल्या कागदावरच्या आडव्या-उभ्या रेषांना तिरका बसला आहे, ही त्याच्या असण्याची बातमी. वक्राला त्याचे स्वतःचे दोन काटकोनातले अक्ष असतात. आपण त्या अक्षांवरून मोजू लागलो की xy नाहीसा होतो. प्रश्न एवढाच, की वक्र न काढता ते अक्ष शोधायचे कसे.

लंबवर्तुळाच्या केंद्रापासून काठावरच्या एखाद्या बिंदूपर्यंत रेघ ओढा. सर्वसाधारणपणे ती काठाला काटकोनात छेदत नाही, थोडी कललेली असते. फक्त चार ठिकाणी ती बरोबर काटकोनात भेटते: लांब अक्षाची दोन टोकं आणि आखूड अक्षाची दोन टोकं. तेव्हा ज्या बिंदूशी काठाची लंब दिशा आणि केंद्राकडून येणारी दिशा एकच आहे, तो बिंदू शोधायचा.

काठाची लंब दिशा अवकलनाने मिळते. वरच्या समीकरणासाठी ती, दोनाचा सामाईक गुणक काढून टाकला तर, (५x − २y, −२x + ८y) अशी येते. ही (x, y) च्याच दिशेत हवी, म्हणजे (x, y) ची λ पट हवी:

५x − २y = λx
−२x + ८y = λy

डावीकडचे चार आकडे चौकोनात मांडले की वर्गरूपाचं मॅट्रिक्स तयार होतं: वरच्या ओळीत ५ आणि −२, खालच्या ओळीत −२ आणि ८. xy चा सहगुणक −४ आहे आणि तो दोन जागी निम्मा-निम्मा वाटला गेला आहे. शून्याखेरीज दुसरं उत्तर मिळण्यासाठी (५ − λ)(८ − λ) = ४ असायला हवं. म्हणजे λ² − १३λ + ३६ = ०, आणि λ ची मूल्यं ४ आणि ९. यांना आयगेनमूल्यं म्हणतात.

λ = ४ घातलं की पहिलं समीकरण x = २y असं होतं, म्हणून एक अक्ष (२, १) या दिशेत आहे. λ = ९ घातलं की y = −२x, म्हणून दुसरा अक्ष (−१, २) या दिशेत आहे. या दोन दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखं असलं की भिन्न आयगेनमूल्यांच्या दिशा काटकोनातच येतात आणि ती मूल्यं वास्तव संख्याच असतात. कोशीने १८२९ मध्ये हे कितीही चलांसाठी सिद्ध केलं. या दोन दिशांवरून मोजलेल्या अंतरांना u आणि v म्हणू. मग मूळ समीकरण ४u² + ९v² = ३६ असं होतं, म्हणजेच u²/९ + v²/४ = १. अर्धा लांब अक्ष ३, अर्धा आखूड अक्ष २. लंबवर्तुळच आहे.

इथे घाईत दोन गफलती होतात. पहिली: मोठं आयगेनमूल्य म्हणजे लांब अक्ष, असं वाटतं. प्रत्यक्षात ते उलट आहे. ९ हे मूल्य ज्या दिशेत आहे त्या दिशेने चालताना राशी भराभर वाढते आणि ३६ लवकर गाठते, म्हणून तो अक्ष आखूड. दुसरी गफलत जास्त सतावणारी आहे. xy चा सहगुणक निम्मा न करता दोन्ही जागी −४ लिहिला जातो. विद्यार्थी मग नेहमीचा ताळा करतात, की आयगेनमूल्यांची बेरीज कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी आहे का, आणि तो ताळा बिनबोभाट जुळतो! कर्णाला आपण हातच लावलेला नसतो, त्यामुळे बेरीज १३ च राहते. खरा ताळा बिंदूचा. आपल्या उत्तराप्रमाणे (२, १) च्या दिशेत ३ अंतरावरचा बिंदू वक्रावर असला पाहिजे. तो (६/√५, ३/√५) आहे. मूळ समीकरणात घातला की ३६ − १४.४ + १४.४ = ३६. जुळलं.

समीकरणात x आणि y ची एकेरी पदं असतील तर आधी केंद्र शोधायचं. ५x² − ४xy + ८y² − २x − २८y − ७ = ० घेतलं तर १०x − ४y = २ आणि −४x + १६y = २८ यांतून केंद्र (१, २) मिळतं. तिथून मोजू लागलो की पुन्हा वरचंच समीकरण हाती येतं. मॅट्रिक्स तेच, अक्षांच्या दिशा त्याच, फक्त वक्र जागचा सरकला आहे.

हे सगळं दोन मितींत कदाचित खटाटोपाचं वाटेल, कारण वक्र काढून बघता येतो. तीन मितींत मात्र डोळे फसतात. माझं आवडतं उदाहरण आहे xy + yz + zx = १. यात एकही वर्ग नाही. पृष्ठभाग बंद आहे की उघडा, एकसंध आहे की तुटलेला, समीकरणाकडे बघून काहीच कळत नाही.

मॅट्रिक्स मांडू. कर्णावर तीन शून्यं, बाकी सहा जागी १/२. याची आयगेनमूल्यं काढायला घन समीकरण सोडवायची गरज नाही, सममिती पुरते. (१, १, १) ही दिशा घेतली तर प्रत्येक ओळ १/२ + १/२ = १ देते, म्हणजे ही दिशा जशीच्या तशी परत येते आणि λ = १. आता या दिशेला काटकोनात असलेली कोणतीही दिशा घ्या; तिच्यासाठी x + y + z = ०. पहिली ओळ (y + z)/२ देते आणि ते −x/२ आहे. इतर दोन ओळींचंही तसंच. म्हणजे त्या संपूर्ण प्रतलात λ = −१/२. प्रतलातले कोणतेही दोन काटकोनी अक्ष निवडले तरी चालतात. दोन आयगेनमूल्यं सारखी आली याचा भूमितीतला अर्थ असा, की पृष्ठभाग (१, १, १) या अक्षाभोवती फिरवून तयार झालेला आहे. जी फिरती सममिती मूळ समीकरणात कुठेच दिसत नव्हती, ती इथे आपोआप हाती आली.

नव्या अक्षांवर समीकरण u² − (v² + w²)/२ = १ असं होतं. एक धन, दोन ऋण. u ला −१ आणि १ यांच्या मध्ये यायला मनाई आहे, कारण तिथे डावी बाजू १ पर्यंत पोहोचूच शकत नाही. तेव्हा हा पृष्ठभाग एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन वाट्यांसारखा दोन तुकड्यांत आहे: द्विपटली हायपरबोलॉइड.

आता उजवीकडचा १ बदलून शून्य करा. हायपरबोलॉइडचा शंकू होतो. x-अक्षावर y आणि z दोन्ही शून्य असल्याने तो अक्ष या शंकूवरच आहे. तसेच y आणि z अक्षही. नव्या समीकरणावरून शंकूचा अक्षाशी होणारा कोन काढला तर त्याचा टॅन्जन्ट √२ येतो, म्हणजे कोन सुमारे ५४.७ अंश. (१, १, १) आणि x-अक्ष यांच्यातला कोनही तेवढाच आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेलं उत्तर जुळलं, म्हणजे चिन्हांत चूक नाही.

आणि उजवीकडे −१ ठेवलं तर? सगळी चिन्हं उलटवून (v² + w²)/२ − u² = १. दोन धन, एक ऋण. आता पृष्ठभाग एकसंध आहे, मध्ये √२ त्रिज्येची कंबर आणि वर-खाली पसरत जाणारा घेर: एकपटली हायपरबोलॉइड. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातले पाणी थंड करणारे अवाढव्य मनोरे ज्या घराण्यातले आहेत, ते हे. या पृष्ठभागावर सरळ रेषा असतात, आणि आपल्या समीकरणात एक तर तोंडी तपासता येते. x = १, y = −१ ठेवा आणि z काहीही घ्या: −१ − z + z = −१. पूर्ण उभी सरळ रेषा त्या वळणदार पृष्ठभागावर पडलेली आहे. रशियन अभियंता व्लादिमीर शुखोव याने १८९६ मध्ये निझनी नोवगोरोदच्या प्रदर्शनात सरळ पोलादी पट्ट्यांनी असाच मनोरा उभारला, तो याच गुणावर.

म्हणजे वर्गरूप एकच, आणि उजवीकडच्या अंकानुसार दोन तुकडे, शंकू किंवा एकसंध मनोरा. आयगेनमूल्यांची चिन्हं मोजताना उजव्या बाजूचं चिन्ह विसरलं तर यातला चुकीचा पृष्ठभाग हाती येतो.

फक्त नाव हवं असेल आणि अक्ष नको असतील तर आयगेनमूल्यांचीही गरज नाही. लाग्रांजच्या पद्धतीने पूर्ण वर्ग करत गेलं तरी पुरतं. पहिलं उदाहरण ५(x − २y/५)² + (३६/५)y² असं लिहिता येतं. दोन्ही सहगुणक धन, म्हणून लंबवर्तुळ. पण ५ आणि ७.२ हे ४ आणि ९ नव्हेत, आणि x − २y/५ = ० व y = ० या रेषा काटकोनात नाहीत, त्यामुळे अक्षांची लांबी यावरून काढली तर ती साफ चुकेल. वर्ग कोणत्याही क्रमाने पूर्ण केले तरी धन आणि ऋण सहगुणकांची संख्या बदलत नाही, हा सिल्व्हेस्टरचा १८५२ चा नियम आहे. या पद्धतीचा आधार तेवढाच, आणि तिची मर्यादाही तीच.

खरी अडचण आयगेनमूल्य शून्य असतं तेव्हा येते. त्या दिशेत वर्गाचं पदच उरत नाही. मग तिथे एकेरी पद शिल्लक आहे का, ते बघावं लागतं: असेल तर प्रतलात अन्वस्त आणि अवकाशात पॅराबोलॉइड, नसेल तर समांतर रेषा किंवा नळकांडं. कागदावरच्या गणितात शून्य ओळखता येतं, मोजून आणलेल्या आकड्यांत नाही. x² + २xy + y² = १ म्हणजे x + y = १ आणि x + y = −१ या दोन समांतर रेषा. y² चा सहगुणक १.००१ केला तर लहान आयगेनमूल्य सुमारे ०.०००५ होतं, आणि वक्र लंबवर्तुळ ठरतो. त्याचा अर्धा आखूड अक्ष ०.७, अर्धा लांब अक्ष ४५ च्या आसपास. सहगुणक ०.९९९ केला तर तेच मूल्य ऋण होतं आणि वक्र अपास्त. केंद्रापासून पाच एकक अंतरापर्यंतच्या बिंदूंवरून हे सहगुणक मोजून आणले असतील, तर त्या टप्प्यात तिन्ही वक्र जवळपास एकमेकांवर बसतात. मोजमापातली चूक हजारातल्या एका भागाहून मोठी असेल तर या तिघांतला कोणता हे ठरवता येत नाही. अक्षाची दिशा मात्र तिन्हींत जवळजवळ तीच, (१, −१), येते.