दोन पोलांची बेरीज

२ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅबचा तरुण इंजिनिअर फेरीबोटीने हडसन नदी ओलांडत होता. बोटीतच त्याने वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृती आणि काही समीकरणे मांडली. अँप्लिफायरच्या आउटपुटचा एक हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा. त्याने गेन घटतो, पण अँप्लिफायरची स्वतःची विकृतीही साधारण तेवढ्याच पटीने घटते. हा निगेटिव्ह फीडबॅक. सिग्नल ही संपूर्ण फेरी मारताना जितक्या पट वाढतो, तो लूप गेन. लूप गेन जास्त तर आवाज शुद्ध, मग तो वाढवतच का नेऊ नये?

कारण अँप्लिफायरला वेळ लागतो. त्याच्या प्रत्येक टप्प्यात कुठेतरी कपॅसिटन्स दडलेला असतो आणि तो भरल्याशिवाय व्होल्टेज बदलत नाही. अशा प्रत्येक मंदपणाला पोल म्हणतात. पोलच्या फ्रिक्वेन्सीपुढे गेन उतरू लागतो आणि सिग्नल मागे पडतो, फार तर ९० अंश. दोन पोल असले की हे मागे पडणे १८० अंशांच्या जवळ जाते, म्हणजे उलटा करून दिलेला सिग्नल जवळजवळ सुलटा होऊनच पोचतो. झोपाळा थोपवायला लावलेला हात उशिरा पोचला तर तो झोक्याला रेटाच देतो, तसे हे होते.

एक उदाहरण घेऊ. अँप्लिफायरचा एक पोल १० किलोहर्ट्झवर आहे आणि दुसरा १००० किलोहर्ट्झवर. फीडबॅक जोडल्यावर नवे पोल कुठे जातात, हे एका वर्गसमीकरणातून कळते:

s² + (p₁ + p₂)s + p₁p₂(1 + T) = 0

T म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा लूप गेन. तो फक्त शेवटच्या पदात आहे. मुळांची बेरीज मधल्या पदावर ठरते, हे आपण दहावीत शिकलो. म्हणून T कितीही वाढवला तरी दोन्ही पोलांची बेरीज १०१० किलोहर्ट्झच राहते. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

बेरीज बांधलेली असल्याने एक पोल जितका वर सरकतो तितकाच दुसरा खाली येतो. T साधारण २४.५ झाला की दोघे ५०५ किलोहर्ट्झवर भेटतात. त्यापुढे समीकरणाला वास्तव मुळे उरत नाहीत. पोल वास्तव अक्ष सोडून एक सरळ वर आणि एक सरळ खाली निघतात. त्यांचा वास्तव भाग ५०५ वरच खिळलेला असतो, वाढते ती उंची. वास्तव भागावरून आंदोलन किती लवकर विरते ते कळते आणि उंचीवरून ते किती वेगाने होते ते. वास्तव भागाला मूळबिंदूपासून पोलपर्यंतच्या अंतराने भागले की अवमंदन गुणांक मिळतो.

भेटीच्या क्षणी तो १ असतो. T ५० झाला की ०.७०७ होतो; इथवर फ्रिक्वेन्सी प्रतिसाद सपाट राहतो. T १०० केला तर गुणांक ०.५ वर येतो आणि ७०० किलोहर्ट्झच्या आसपास सव्वा डेसिबलचा उंचवटा दिसतो. T १००० केला तर गुणांक ०.१६ उरतो आणि ३.१ मेगाहर्ट्झजवळ १० डेसिबलचे शिखर उभे राहते. तिथला सिग्नल तिपटीहून मोठा होऊन बाहेर पडतो.

हे ऑसिलोस्कोपवर ओळखायला सोपे आहे. इनपुटला छोटा चौकोनी सिग्नल द्यावा. T १०० असताना कडा १६ टक्के वर उडते आणि बहुतेक लगेच स्थिरावते. T १००० असताना ती ६० टक्के उडते, खाली-वर होत राहते आणि पुढची प्रत्येक उसळी आधीच्या उसळीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची असते. वास्तव भाग तोच असल्याने आंदोलन विरायला लागणारा वेळ मात्र वाढलेला नसतो. त्याच वेळात जास्त फेऱ्या कोंबल्या जातात.

T १००० हवाच असेल तर पोल आधीच एकमेकांपासून दूर न्यावे लागतात. मुद्दाम कपॅसिटर घालून पहिला पोल १० किलोहर्ट्झवरून ५०० हर्ट्झवर आणला, तर गुणांक पुन्हा ०.७०७ होतो आणि शिखर नाहीसे होते. १९६८ साली आलेल्या ७४१ ऑपअँपमध्ये चिपवरच ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, तो याच कामासाठी. किंमतही मोजावी लागते. आता लूप गेन ५०० हर्ट्झपासूनच उतरू लागतो. ५ किलोहर्ट्झला तो साधारण १०० च उरतो आणि विकृती घटवायची ताकदही तेवढीच.

कागदावरचा दोन पोलांचा अँप्लिफायर कधीच आपणहून दोलायमान होत नाही, कारण पोल डाव्या बाजूची ५०५ ची रेषा सोडत नाहीत. खऱ्या अँप्लिफायरमध्ये तिसरा पोल असतोच. कधी तो ट्रान्झिस्टरमधला असतो, कधी आउटपुटला जोडलेल्या लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे येतो. तो आला की ती सरळ रेषा वरच्या टोकाला उजवीकडे वाकते. म्हणून टेबलावर गुणांक ०.१६ दाखवणारा अँप्लिफायर केबल जोडताच शिट्टी घालू शकतो, आणि तपासणी नेहमी प्रत्यक्ष वापरातली केबल जोडूनच करावी लागते.