तोटा पुढे ढकलताना

समजा, निफ्टी २५,००० असताना २५,३०० चा कॉल ८० रुपयांना विकला. एक्सपायरीला दोन दिवस उरले असताना निफ्टी २५,४०० वर गेला आणि तोच कॉल १६० झाला. रोल करणारा तो १६० ला परत विकत घेतो आणि पुढच्या आठवड्याचा २५,५०० चा कॉल १६५ ला विकतो. हातात ५ रुपये जास्तच आले, म्हणून तोटा टळल्यासारखा वाटतो. पण पहिल्या व्यवहारात प्रति युनिट ८० रुपयांचा तोटा झालेला आहे. नवा कॉल हा वेगळा सौदा आहे.

त्याने मिळाले काय? ना-नफा-ना-तोट्याची पातळी २५,३८० वरून २५,५८५ वर सरकली. निफ्टी थबकला किंवा खाली आला, तर रोल कामी येतो. तेजी सुरूच राहून एक्सपायरीला निफ्टी २५,९०० झाला, तर ८० ऐवजी ३१५ रुपये जातात.

म्हणून कसोटी एकच: हातात काहीच नसते, तर हा २५,५०० चा कॉल आज या भावात विकला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तरच रोल करावा. स्ट्राइक वर नेताना जास्तीचे पैसे मिळत नाहीत म्हणून लॉट दुप्पट करावे लागत असतील, तर तोटा फक्त पुढे ढकलला जातोय, आणि तोही वाढवून. अशा वेळी ८० चा तोटा सोसून बाहेर पडणे स्वस्त.