संबंधानंतरचा ओलावा: घाबरू नका, वीर्यच ते!

संबंधानंतर उठून उभं राहिलं की पांढरट किंवा पाण्यासारखं काहीतरी ओघळतं. ‘अंगावरून जायला लागलं की काय?’ अशी धास्ती अनेकींना वाटते. बहुतेक वेळा ते योनीच्या ओलाव्यात मिसळून परत निघालेलं वीर्य असतं.

वीर्य असतं तरी किती? साधारण २ ते ५ मिलिलिटर, फार तर चहाचा एक चमचा. त्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के! बाकी बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथींचा.

गंमत पुढे आहे. बाहेर पडताच वीर्य गोठतं, जेलीसारखं घट्ट होतं. मग प्रोस्टेटमधलं एक प्रथिन ती जाळी तोडतं आणि पंधरा-वीस मिनिटांत, कधी तासाभरात, सगळं पातळ होतं. म्हणून सुरुवातीला दाट पांढरं दिसलेलं नंतर पारदर्शक पाणी होऊन येतं. रंग बदलला तरी वस्तू तीच.

समजा, रात्री अकराला संबंध आला आणि लगेच झोप लागली. आडवं असताना बराचसा द्रव योनीतच राहतो. सकाळी सातला उभं राहिलं, की चड्डी ओली! आठ तासांनी आलं म्हणून ते नवं दुखणं ठरत नाही. दुसऱ्या दिवशीही थोडं थोडं येऊ शकतं.

‘सगळंच बाहेर गेलं, आता दिवस कसे राहणार?’ मूल हवं असलेल्या जोडप्यांना ही काळजी फार छळते, आणि ती अगदी अनाठायी आहे. वेगवान शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावात शिरतात. ओघळतो तो मागे उरलेला द्रव. म्हणूनच मूल नको असेल तर उठून धुण्यावर मुळीच विसंबू नका. योनीच्या आत पाण्याचा फवारा मारण्याने गर्भ टळत नाही, उलट तिथले उपयोगी जिवाणू धुतले जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे.

निरोध वापरला असेल, तर येणारा ओलावा बहुधा स्त्रीचा स्वतःचाच. पण निरोध फाटला किंवा निसटला आणि गर्भ नको असेल, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी, जितकी लवकर तितकी चांगली.

वीर्याचा ओघळ एक-दोन दिवसांत आपोआप थांबतो. तो थांबलाच नाही, दह्यासारख्या गुठळ्या आणि खाज आली, करडा किंवा हिरवट-पिवळा स्राव येऊन माशासारखा वास सुटला, रक्त दिसलं किंवा ओटीपोट दुखून ताप आला, तर ते वीर्य नव्हे. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.