हा किरण की ही किरण?

मिक्सर बिघडल्याची तक्रार येते. खाली नाव फक्त 'किरण'. उत्तर लिहिणारा कर्मचारी पहिल्याच ओळीत अडतो. किरण मोरे यष्टिरक्षक होते, किरण बेदी पोलीस अधिकारी होत्या. मग ही तक्रार बाईंची की बुवांची?

हिंदीत हा पेच मोठा आहे. तिथे आदरानं बोलतानाही 'आप जाते हैं' आणि 'आप जाती हैं' यांतलं एक निवडावंच लागतं. मराठीत 'तुम्ही जाता', 'तुम्ही गेलात', 'तुम्ही जाल' ही रूपं दोघांनाही चालतात. लिंग उघडं पडतं ते 'तू' म्हटल्यावर: जातोस की जातेस, गेलास की गेलीस? सलगी दाखवायला ग्राहकाला 'तू' म्हटलं की नसती अडचण ओढवते.

'तुम्ही तक्रार नोंदवलीत' यातल्या 'ली'ला मात्र घाबरायचं कारण नाही. ती तक्रारीची आहे, किरणची नाही. म्हणूनच फोटो 'पाठवलात' होतो आणि बिल 'जोडलंत' होतं.

खरा सापळा विशेषणांत असतो. 'तुम्ही गोंधळलेले दिसता' असं लिहिलं की 'तुम्ही' असूनही पुरुष गृहीत धरला जातो. बाईला 'गोंधळलेल्या' म्हणावं लागेल. त्याऐवजी 'तुमचा गोंधळ झालेला दिसतो' लिहिलं, की 'झालेला' गोंधळाला लागतो. 'नाराज', 'तयार' असे न बदलणारे शब्दही सुरक्षित. 'महोदय/महोदया' अशा तिरक्या रेघेपेक्षा 'नमस्कार किरणजी' वाचायला सरळ.

लिहिणाऱ्यालाही स्वतःचं लिंग सांगायचं नसेल, तर 'मी तपासतो' किंवा 'मी तपासते' यांऐवजी 'मी तपासून कळवेन' किंवा 'आम्ही तपासत आहोत' म्हणता येतं.

आता उत्तर असं होतं: 'नमस्कार किरणजी, तुम्ही नोंदवलेली तक्रार मिळाली. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. मिक्सर दुरुस्तीला तंत्रज्ञ पाठवत आहोत. तुम्ही उद्या घरी असाल का?'

किरणचं उत्तर येतं: 'हो, मी दिवसभर घरी आहे.' यातूनही काही कळत नाही, कारण 'आहे' दोघांचंही. 'मी वाट पाहतो' असं आलं असतं, तरी पैज लावता आली नसती. कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात.

तंत्रज्ञाला चिठ्ठी लिहिताना पेच पुन्हा उभा राहतो, कारण आता किरण तृतीय पुरुषात गेलेली व्यक्ती आहे. 'ते घरी आहेत' की 'त्या घरी आहेत'? पण प्रत्यय लागला की दोन्ही सर्वनामं 'त्यां-' या एकाच रूपात येतात. कर्मचारी लिहितो: 'ग्राहक उद्या दिवसभर घरी आहेत. निघण्यापूर्वी त्यांना फोन करा, त्यांच्याकडे बिल आहे.'