रिपोर्टातल्या न वाचलेल्या दोन ओळी

लिव्हर फंक्शन टेस्टचा कागद हातात पडला की आपली नजर आधी बिलिरुबिनवर जाते, मग एसजीपीटीवर. त्या दोन्ही आकड्यांवर लाल खूण नसली की माणूस कागद घडी घालून ठेवून देतो. त्याच कागदावर अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ग्लोब्युलिन अशा आणखी दोन ओळी असतात. त्या वाचायच्या राहून गेल्या म्हणून वर्ष-दोन वर्षं चुकीच्या वाटेनं गेलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत बहुतेक बायका असतात. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्यांना ‘लिव्हर खराब झालंय’ म्हटल्यावर घरीदारी नको ते प्रश्न ऐकावे लागतात.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस हे ते दोन आजार. दोन्हींत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, पण तिचा नेम वेगवेगळ्या जागी असतो. पहिल्यात ती यकृताच्या पेशींवर तुटून पडते. दुसऱ्यात यकृताच्या आत पित्त वाहून नेणाऱ्या, सोनोग्राफीतही न दिसणाऱ्या बारीक नलिका ती हळूहळू नष्ट करते. तपासण्या, औषधं आणि पुढची वाटचाल यांतला सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो. पुढची दोन उदाहरणं अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून मांडली आहेत. आकडे मात्र या आजारांत नेहमी दिसतात तसेच आहेत.

पहिली एक चव्वेचाळीस वर्षांची शिक्षिका. वर्षभरापूर्वी तिला कावीळ झाली होती. गावाकडचं झाडपाल्याचं औषध घेतलं, तेल-तिखट बंद केलं, महिन्याभरात कावीळ उतरली. इथेच फसगत झाली. ऑटोइम्यून हिपॅटायटिस पुष्कळदा भरती-ओहोटीसारखा चालतो. काविळीची लाट आपोआप ओसरते आणि श्रेय त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला मिळतं. आतली जळजळ मात्र चालूच राहते.

ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे पुन्हा पिवळे झाले होते, सांधे दुखत होते, वर्गात उभं राहणंही होत नव्हतं. बिलिरुबिन 4.2, एसजीपीटी 640, अल्कलाइन फॉस्फेटेज जेमतेम वाढलेलं. एकूण प्रोटीन 8.9 आणि त्यातलं अल्ब्युमिन 3.4, म्हणजे ग्लोब्युलिन साडेपाच. निरोगी माणसात ते साडेतीनच्या आसपास थांबतं. मग तिचा जुना, पहिल्या काविळीच्या वेळचा कागद मागवला. त्यावरही ग्लोब्युलिन 4.8 होतं. ग्लोब्युलिनच्या या आकड्यात अँटिबॉडीजचा मोठा वाटा असतो. विषाणूची साधी कावीळ सहसा तो इतका वाढवत नाही.

हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. ग्लोब्युलिनमधला आयजीजी हा घटक 2600 निघाला. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 1600 होती. एएनए 1:160 आणि स्मूथ मसल अँटिबॉडी, म्हणजे एएसएमए, 1:80.

हे 1:80 काय असतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त घबराट याच कागदामुळे होते. रुग्णाचा रक्तद्रव ऐंशी पट पातळ करूनही खूण दिसली, असा त्याचा अर्थ. ती खूण बघायची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत अशी, की उंदराचं यकृत, मूत्रपिंड आणि जठर यांचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर हा रक्तद्रव सोडतात आणि चकाकणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघतात. अँटिबॉडी जिथे चिकटली असेल तिथे हिरवा उजेड दिसतो. एएसएमए असेल तर रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि जठराचा स्नायूंचा थर उजळतो. एलकेएम नावाची अँटिबॉडी असेल तर यकृताच्या पेशी आणि मूत्रपिंडातल्या काही नलिका उजळतात. ही एलकेएम मुख्यतः लहान मुलांत दिसणाऱ्या, जास्त तीव्र अशा दुसऱ्या प्रकारात सापडते. एएमए ही अँटिबॉडीसुद्धा मूत्रपिंडाच्याच नलिका उजळवते, फक्त वेगळ्या भागातल्या. बघणारी नजर सरावाची नसेल तर एलकेएमला एएमए समजण्याची चूक होते आणि रुग्ण भलत्याच आजाराच्या औषधांवर जातो. रिपोर्ट आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल, तर तपासणी दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा करून घेणं हाच उपाय.

एएनए आणि एएसएमए हे फक्त साक्षीदार आहेत. कमी प्रमाणात एएनए धडधाकट माणसांतही सापडतो, संधिवातात सापडतो, फॅटी लिव्हरमध्येही सापडतो. म्हणून पहिल्या आजारात नुसत्या अँटिबॉडीवर निदान होत नाही. यकृताचा तुकडा काढून बघावाच लागतो. बायॉप्सीच्या नावानं शिक्षिकेच्या घरचे बिचकले होते, ते साहजिक आहे. पण त्या दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात प्लाझ्मा पेशींची गर्दी यकृताच्या पेशींवर सीमेवरून चढाई करताना दिसली. प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटिबॉडीचे कारखाने. कागदावरचं वाढलेलं ग्लोब्युलिन आणि काचेखालचं हे दृश्य एकमेकांना जुळलं. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं 2008 साली सोपी गुणपद्धत दिली: अँटिबॉडी, आयजीजी, बायॉप्सी आणि विषाणूचा अभाव, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन गुण. सात किंवा अधिक झाले तर निदान पक्कं. तिला आठपैकी आठ पडले.

तरी एक प्रश्न विचारायचाच असतो: गेल्या काही महिन्यांत कोणतं औषध, काढा, चूर्ण घेतलं? काही औषधं हुबेहूब असंच चित्र उभं करतात. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. त्यानंतर 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला अशी इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिला आक्षेप घेतला. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना कोणताही ऑटोइम्यून आजार आहे, त्यांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही घेऊ नये. इथे भांडण प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाशीच आहे.

उपचार अर्थात ती शक्ती आवरण्याचा. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शीला शेरलॉक यांच्या गटानं 1971 साली दाखवून दिलं, की स्टेरॉइड दिल्यानं या आजारात जीव वाचतात. शिक्षिकेचं वजन 56 किलो. साखर, क्षयरोग आणि जुना हिपॅटायटिस बी तपासून प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅमवर सुरू केलं. दोन आठवड्यांनी, कावीळ उतरू लागल्यावर, अझाथायोप्रिन 50 मिलिग्रॅम जोडलं. ते स्थिरावलं की स्टेरॉइड पायरी पायरीनं उतरवता येतं. अझाथायोप्रिनच्या पहिल्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी मोजत राहावं लागतं. आपल्याकडे काही जणांत एनयूडीटी15 या जनुकात बदल असतो. त्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनंही कोसळतात आणि केस पुंजक्यांनी गळतात. शक्य असेल तर ही जनुक-तपासणी आधीच करावी.

चार महिन्यांत तिचं एसजीपीटी 32 झालं. आयजीजी मर्यादेत यायला सहा महिने लागले, आणि ध्येय तेच होतं: दोन्ही आकडे नॉर्मल. नेमकं याच टप्प्यावर चेहरा सुजतो, वजन वाढतं, शेजारीपाजारी स्टेरॉइडबद्दल भीती घालतात आणि ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ म्हणून गोळ्या बंद होतात. तिनंही केल्या. अकराव्या आठवड्यात एसजीपीटी पुन्हा पाचशेवर गेलं. उपचार किमान तीन वर्षं चालतात, त्यातली शेवटची दोन वर्षं रिपोर्ट सतत नॉर्मल असावे लागतात. त्यानंतर थांबवून पाहिलं तरी निम्म्याहून अधिक जणांत आजार परततो. अनेकांना अझाथायोप्रिन आयुष्यभर लागतं.

दुसरी स्त्री बावन्न वर्षांची. तिला खाज होती. रात्री, तळहात-तळपायांना आणि मग अंगभर. पुरळ मात्र नाही. वर्षभर मलमं, गोळ्या, साबण बदलून झाले. बिलिरुबिन नॉर्मल होतं, म्हणून यकृताचा संशय कुणाला आला नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र 410 होतं, वरची मर्यादा 120. हाडांच्या आजारातही ते वाढतं. पण जोडीला जीजीटीही वाढलेलं होतं, म्हणजे उगम यकृतातच. सोनोग्राफीत मोठ्या पित्तनलिका मोकळ्या होत्या, खडा नव्हता. मग एएमए केली. ती पॉझिटिव्ह आली आणि निदान झालं. बायॉप्सी लागली नाही.

इथे अँटिबॉडीचं वजन पहिल्या आजारापेक्षा कितीतरी जास्त आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाविरुद्धची ही एएमए या आजाराच्या दहापैकी नऊ रुग्णांत असते. 1965 साली तिचा शोध लावणाऱ्यांत डेबोरा डोनियाक होत्या आणि पुन्हा शीला शेरलॉक होत्या. उरलेल्या दहाव्या रुग्णासाठी एएनएचा नमुना बघायचा: पेशीच्या केंद्रकात सुटे ठिपके किंवा केंद्रकाभोवती कडं. एसपी100 आणि जीपी210 या त्या अँटिबॉडीज. पित्तनलिकांचं दुखणं असताना त्या सापडल्या तर त्याही पुरेशा असतात. नुसती एएमए पॉझिटिव्ह आणि फॉस्फेटेज नॉर्मल असेल, तर औषध नको, वर्षातून एकदा तपासणी हवी.

हिला स्टेरॉइड द्यायचं नाही. त्यानं नलिका वाचत नाहीत आणि या आजारात आधीच ठिसूळ होणारी हाडं आणखी झिजतात. औषध आहे अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड, किलोमागे 13 ते 15 मिलिग्रॅम, जन्मभर. साठ किलोला रोज 300 च्या तीन गोळ्या. कमी मात्रेत त्याचा उपयोग होत नाही, आणि ‘लिव्हर टॉनिक’ समजून रोज एकच गोळी घेणारे रुग्ण सर्रास भेटतात. वर्षानं हिचं फॉस्फेटेज 165 वर आलं. दीडपटीच्या आत, म्हणजे औषध लागू पडलं. ज्यांना इतकं पुरत नाही त्यांना फायब्रेट गटातली औषधं जोडतात. 2024 मध्ये अमेरिकेत एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपार यांनाही मान्यता मिळाली. खाज मात्र अर्सोनं जात नाही. तिच्यासाठी कोलेस्टायरामिनची पूड असते, आणि ती इतर गोळ्यांना पोटातच धरून ठेवते; म्हणून बाकीची औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार तासांनंतर घ्यायची.

या आजाराच्या नावात पूर्वी ‘सिऱ्हॉसिस’ होतं. लवकर सापडलेल्या बहुतेकांना सिऱ्हॉसिस नसतोच, म्हणून 2015 साली नाव बदललं. काही थोड्या जणांत दोन्ही आजार एकत्र असतात. तिथे बायॉप्सी करून दोन्ही औषधं द्यावी लागतात.

घरातल्या फायलीत यकृताचा जुना रिपोर्ट असेल तर आज काढून बघा. ग्लोब्युलिन चारच्या वर असेल, किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेपेक्षा दीडपट असेल, तर त्या ओळीखाली रेघ मारून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.