साठ खोल्या, पण कोणत्या रात्री?

‘आमच्या कंपनीचं डीलर संमेलन गोव्यात घ्यायचं आहे. साठ खोल्या, तीन रात्री, शुक्रवार ते सोमवार. कृपया तुमचा सर्वांत कमी दर कळवा.’

गोव्यातल्या हॉटेलांच्या ग्रुप बुकिंगच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. असे मेल आठवड्याला दहा-बारा यायचे. कॉर्पोरेट भाषेत याला आरएफपी म्हणतात, म्हणजे प्रस्तावाची मागणी. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण दर विचारला आहे. पण या मजकुरावर नीट दर देताच येत नाही. मग हॉटेल काय करतं? सगळी जोखीम धरून चढा आकडा कळवतं आणि पुढच्या मेलाकडे वळतं.

हा मेल चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून आला होता. मी त्यांच्या प्रशासन अधिकाऱ्यांना फोन लावला. “सर, साठही खोल्या तीनही रात्री भरलेल्या असतील का?”

“तसं नाही हो मॅडम. आमची तयारी करणारी माणसं एक दिवस आधी येतील. डीलर दुसऱ्या दिवशी पोचतील. शेवटच्या दिवशी जेवण झालं की बरेचसे निघतील. नागपूर आणि इंदूरकडचे तेवढे मुक्कामाला राहतील.”

हीच माहिती मेलात हवी होती. हॉटेलचा हिशेब रूम नाइटमध्ये चालतो. एक खोली एका रात्रीसाठी दिली की एक रूम नाइट झाली. साठ खोल्या तीन रात्री म्हटल्यावर १८० रूम नाइट होतात. आम्ही फोनवरच रात्रीगणिक आकडे मांडले तेव्हा पहिल्या रात्री १०, मग ६०, ६० आणि शेवटी २०, असे मिळून १५० झाले. त्या एका ओळीमुळे कंपनी ३० जास्तीच्या रूम नाइट गळ्यात घेऊन बसली असती.

दुसरा प्रश्न वारांचा. गोव्यातलं हॉटेल शुक्रवार-शनिवारी सुट्टीवर आलेल्या पर्यटकांनी आणि हंगामात लग्नांनी भरतं. रविवारी दुपारनंतर ते रिकामं होऊ लागतं. पुण्यात हिंजवडी किंवा खराडीच्या हॉटेलात बरोबर उलटं असतं. तिथे सोमवार ते गुरुवार कामानिमित्त आलेल्यांची गर्दी आणि शनिवार-रविवार शांतता. म्हणून गोव्याला लिहिताना ‘दोन-चार दिवस मागेपुढे चालतील’ एवढं वाक्य घातलं, तरी बोलणी वेगळ्याच आकड्यापासून सुरू होतात. या कंपनीचा कार्यक्रम रविवार-सोमवारवर सरकला. शनिवारी फक्त १० खोल्या लागल्या आणि ९,५०० रुपयांवरून दर नाश्त्यासह ६,५०० वर आला.

दरासोबत कर पाहिल्याशिवाय कोटेशन वाचूच नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून, एका रात्रीच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला १,०९३ रुपये मोजावे लागतात. १५० रूम नाइटला हे दीड लाखाच्या वर जातं. मोठ्या कंपन्यांना वाटतं, अठरा टक्क्यांची वजावट आपल्याला मिळेलच. पण खोलीवरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो. ज्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात आहे, तिला गोव्याच्या खोल्यांवरच्या कराची वजावट घेता येत नाही. तो पैसा खर्चातच जातो.

खाटांचंही लिहावं. या संमेलनात ८८ डीलर दोघा-दोघांत राहणार होते आणि १६ जणांना स्वतंत्र खोली हवी होती. दोघांच्या ४४ आणि एकट्याच्या १६ अशा साठ खोल्या झाल्या. पण वेगवेगळ्या दोन खाटांच्या, म्हणजे ट्विन खोल्या, हॉटेलात मोजक्याच असतात. मेलात नुसतं ‘डबल’ लिहिलं, तर सोलापूरचे आणि हुबळीचे दोन अनोळखी गृहस्थ रात्री अकरा वाजता एकाच मोठ्या पलंगाशेजारी उभे राहतात आणि रिसेप्शनला फोन करतात. असे फोन मी पुष्कळ घेतले आहेत. त्या वेळी आमच्याकडे द्यायला जादा गादीशिवाय काहीच नसायचं.

आणि आता ज्यात खरा पैसा जातो ते. ब्लॉक धरला म्हणजे हॉटेल त्या खोल्या दुसऱ्याला विकत नाही. त्या बदल्यात ते कंपनीकडून किमान वापराची हमी मागतं. धरलेल्यातल्या इतक्या टक्के खोल्या वापरल्या नाहीत, तर फरक भरा, या अटीला अ‍ॅट्रिशन म्हणतात. आमच्या करारात ८० टक्के ठरले होते. १५० च्या ८० टक्के म्हणजे १२० रूम नाइट. प्रत्यक्षात शनिवारी १९ खोल्या लागल्या, रविवारी ५४, सोमवारी ४० आणि मंगळवारी ९. बेरीज १२२. अधिकारी निर्धास्त होते.

तरीही त्यांना ९७,५०० रुपये आणि वर कर, असं बिल गेलं. करारात ‘८० टक्के’च्या पुढे ‘प्रत्येक रात्री’ असे दोन शब्द होते. सोमवारी किमान ४८ हव्या होत्या, आठ कमी पडल्या. मंगळवारी १६ हव्या होत्या, सात कमी पडल्या. पंधरा रूम नाइट गुणिले ६,५००. शनिवारी जास्तीच्या नऊ खोल्या घेतल्या होत्या, त्या या हिशेबात धरल्याच गेल्या नाहीत. हीच अट ‘एकूण रूम नाइटवर’ अशी असती, तर एक रुपयाही द्यावा लागला नसता. ते बिल माझ्या टेबलावरून गेलं. नियमाने बरोबर होतं, पण ते पाठवताना मला बरं वाटलं नव्हतं.

मेल पाठवायच्या वेळी हॉटेलला गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून अशी अट तेव्हाच मागावी. दर ठरून सही झाल्यावर ती मिळत नाही. खोल्या किती तारखेपर्यंत दंडाशिवाय परत करता येतील ती कट-ऑफ, आणि नावांची यादी कधी द्यायची, तेही त्याच मेलात विचारावं. सभागृह त्याच दिवसांसाठी मोकळं आहे का, हेही.

पुढच्या वर्षी त्याच अधिकाऱ्यांचा मेल आला. एका पानाचाच होता आणि तोच चार हॉटेलांना गेला होता:

‘शनिवार १२, रविवार ५८, सोमवार ४५, मंगळवार १०, एकूण १२५ रूम नाइट. ४० ट्विन, बाकी एकट्यासाठी. वार बदलू शकतो. दर नाश्त्यासह आणि करासह, कर वेगळा दाखवून कळवावा. १०० जणांचं सभागृह दोन दिवस. अ‍ॅट्रिशन एकूण रूम नाइटवर मोजावं. न वापरलेली खोली हॉटेलने त्या रात्री दुसऱ्याला दिली असल्यास तिचे पैसे आमच्याकडून घेऊ नयेत. उत्तर पंधरा तारखेपर्यंत.’

शेवटून दुसरी अट वाचून मी आदल्या वर्षीची नोंद काढून पाहिली. त्या सोमवारी त्यांच्या आठही खोल्या आम्ही संध्याकाळपर्यंत विकल्या होत्या.